नागसेनवन, मिलिंद राजा आणि भाषणाचं पहिलं वाक्य

पोस्ट जरा मोठी आहे, चहा घेऊन बसा.

गेली वीसेक वर्षं मी या शहरातल्या सभा, परिसंवाद, सत्कार समारंभ आणि जनसुनावण्या कव्हर करतोय. एक गोष्ट पक्की लक्षात आलीय. वक्त्याला ऐकायचं की मोबाईल काढायचा, हे लोक पहिल्या एक-दोन मिनिटांत ठरवतात. आणि नेमकी तीच दोन मिनिटं आपले बहुतेक वक्ते व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं घेण्यात घालवतात. हल्ली "सुरुवात गोष्टीनं करा, प्रश्नानं करा, धक्का देणाऱ्या माहितीनं करा" असं शिकवणारे वर्गही निघालेत. हे तंत्र परदेशातून आलं असं पुष्कळांना वाटतं. पण त्याचा फार जुना आणि फार चांगला नमुना आपल्या छावणीशेजारी, एका कॉलेजच्या नावातच आहे. त्याच्याच बद्दल आज लिहितो.

आधी कॉलेजचं सांगतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं. मराठवाड्यातल्या पोरांना वरच्या शिक्षणासाठी तोवर हैदराबादची वाट धरावी लागायची, आणि गरिबाच्या पोराला ती वाट परवडायची नाही. म्हणून १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत कॉलेज काढलं. स्वतःची इमारत नव्हती, तेव्हा सुरुवातीचे वर्ग छावणीतल्या लष्करी बराकींत भरले. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढे कॉलेजला 'मिलिंद' हे नाव मिळालं आणि परिसराला 'नागसेनवन'. आज छावणीतून भावसिंगपुऱ्याकडं जाताना आपण ही दोन्ही नावं रोज वाचतो आणि पुढं जातो.

मिलिंद म्हणजे मिनँडर, इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा. वायव्येकडच्या सागल नगरीत, म्हणजे बहुतेक आजच्या सियालकोटच्या बाजूला, त्याची राजधानी. नागसेन हा बौद्ध भिक्खू. या दोघांच्या संवादाचा पाली ग्रंथ म्हणजे 'मिलिंदपञ्हो', मिलिंदाचे प्रश्न. आता गंमत बघा. ज्ञानी होता नागसेन, उत्तरं दिली नागसेनानं. पण कॉलेजला नाव मिळालं प्रश्न विचारणाऱ्याचं. वाद घालणारा, हुशारीचा अभिमान असलेला, पण पटलं की हार मान्य करणारा राजा. विद्यार्थी असाच असावा, हा त्या नावामागचा अर्थ.

पण आजचा विषय नागसेनाची पहिली दोन वाक्यं आहेत.

प्रसंग असा. मिलिंद राजा वादात कुणाला ऐकायचा नाही. एकेक पंडित गाठायचा, प्रश्नांनी निरुत्तर करायचा आणि मग म्हणायचा की सगळा जंबुद्वीप पोकळ आहे, नुसता भुसा आहे. आयुपाल नावाच्या एका भिक्खूलाही त्यानं असंच गप्प केलं होतं. अशा माणसासमोर नागसेनाला बोलायचं होतं. राजासोबत ५०० यवन, नागसेनाभोवती भिक्खूंचा मोठा समुदाय. ग्रंथ ८०,००० चा आकडा देतो. जुन्या ग्रंथांतले आकडे जसे घ्यायचे तसा तो घ्या. मुद्दा एवढाच की सभा मोठी होती आणि पाहुणा ऐकायला नव्हे, हरवायला आला होता.

नागसेनाला सांगायचं काय होतं? बौद्ध विचारातली सगळ्यात अवघड गोष्ट: माणसाच्या आत 'मी' नावाची वेगळी, कायमची वस्तू नाही. शरीर, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान हे पाच स्कंध एकत्र आले की त्या जुळणीला आपण एक नाव देतो, बस. हे व्याख्यानासारखं सांगायला घेतलं असतं तर राजानं तिसऱ्या वाक्याला अडवलं असतं.

राजानं बसल्या बसल्या साधं विचारलं, भंते, आपलं नाव काय? सभ्य माणसाचा पहिला प्रश्न. आपल्याकडं गाडीत शेजारी बसलेला माणूसही हेच विचारतो. नागसेन म्हणाला, मला नागसेन म्हणतात. आईवडील नागसेन, शूरसेन, वीरसेन अशी नावं ठेवतातच. पण हे नुसतं बोलावण्यापुरतं नाव आहे, इथं नागसेन नावाचा कुणी माणूस सापडत नाही.

झालं. राजा उसळला. त्यानं आपल्या ५०० यवनांना आणि सगळ्या भिक्खूंना साक्षीला घेतलं: ऐका, हा नागसेन म्हणतोय की नागसेन नाहीच! आणि मग त्यानं सरबत्ती लावली. तू नाहीस तर तुला चीवर कोण देतं, भिक्षा कोण खातं, शील कोण पाळतं? तुला कुणी मारलं तर खूनही झाला नाही म्हणायचा? बरं, मग नागसेन म्हणजे डोक्यावरचे केस का? नखं, दात, कातडी, मांस, हाडं? नाही. मग वेदना, संज्ञा? नाही. सगळं मिळून? नाही. त्याच्या बाहेरचं काही? नाही. मग राजा म्हणाला, मी विचारून विचारून थकलो, मला नागसेन दिसत नाही. भंते, तुम्ही खोटं बोलताय.

इथं थांबा जरा. नागसेनाला जो युक्तिवाद करायचा होता तो सगळा कुणी केला? राजानं! केसापासून हाडापर्यंत यादी राजानं वाचली, प्रत्येक तुकड्यापाशी "यात नागसेन नाही" हे राजानंच सभेसमोर काढून घेतलं. नागसेन फक्त "नाही महाराज" म्हणत होता. चांगल्या सुरुवातीची पहिली खूण हीच: ती ऐकणाऱ्याला कामाला लावते. ज्या सुरुवातीनंतर श्रोता नुसता "वा" म्हणून मागं टेकून बसतो, ती कच्ची. ज्या सुरुवातीनंतर तो पुढं सरकून "असं कसं?" म्हणतो, ती पक्की.

दुसरी खूण अशी की धक्का विषयातूनच आला होता. "नागसेन नाही" हे वाक्य लक्ष वेधायला बाहेरून आणून चिकटवलेलं नव्हतं. ते त्या दिवसाच्या संपूर्ण चर्चेचं सार होतं, फक्त उलट्या बाजूनं, आधी निष्कर्ष आणि मग कारण अशा क्रमानं ठेवलेलं. आपल्याकडं बहुतेकांचं इथंच चुकतं. पाण्यावर बोलायचं असतं आणि सुरुवात होते व्हॉट्सॲपवर आलेल्या शेरनं. टाळी पडते, शेर संपतो आणि मग वक्ता म्हणतो, "तर आता मूळ विषयाकडं येऊ." हे वाक्य ऐकू आलं की समजायचं, सुरुवात फुकट गेली. ती विषयातलीच असती तर विषयाकडं यायची वेळ आली नसती.

आता नागसेनाची दुसरी खेळी. मला ती पहिलीपेक्षा भारी वाटते. खोटारडा ठरवल्यावर कुणीही चिडून खुलासा करायला लागला असता. नागसेनानं विषयच बदलल्यासारखं केलं. राजाकडं बघून म्हणाला, महाराज, तुम्ही सुखात वाढलेले क्षत्रिय. भर दुपारच्या वेळेला, तापलेल्या जमिनीवरून, खडे आणि वाळू तुडवत आला असाल तर पाय दुखत असतील, अंग शिणलं असेल. पायी आलात की वाहनानं?

राजा म्हणाला, मी पायी येत नाही, रथानं आलो.

बस, सापडला. नागसेन म्हणाला, मग रथ दाखवा. दांडी म्हणजे रथ का? नाही. आख म्हणजे रथ? चाकं? साटा? जू? लगाम? आसूड? नाही. सगळं एकत्र? नाही. त्याहून वेगळं काही? नाही. मग मलाही रथ दिसत नाही, महाराज. सगळ्या जंबुद्वीपाचे राजे तुम्ही, कुणाच्या भीतीनं खोटं बोलताय? आणि त्यानंही सभेला साक्षीला घेतलं. राजाचेच ५०० यवन नागसेनाला शाबासकी देऊन राजाला म्हणाले, आता द्या उत्तर.

राजा म्हणाला, मी खोटं बोलत नाही. दांडी, आख, चाकं, साटा हे सगळं असतं म्हणून 'रथ' हे नाव चालतं. नागसेन म्हणाला, बरोबर समजलात. माझंही तसंच. राजा खूश झाला.

यात शिकण्यासारखं काय? तापलेली वाळू, दुखणारे पाय आणि बाहेर उभा असलेला रथ. उदाहरण पुस्तकातून आणलेलं नव्हतं. राजा ज्यावर बसून आला तेच त्याच्यापुढं ठेवलं. ते नाकारायची सोयच नव्हती, कारण राजाचं अंग अजून त्या प्रवासानं हललेलं होतं. परगावच्या किंवा परदेशातल्या थोर माणसाची गोष्ट सांगितली की श्रोता ती दुरून ऐकतो. त्याच्या स्वतःच्या चपलेपासून, रिक्षापासून, दाराबाहेरच्या नळापासून सुरुवात केली की तो आतून ऐकतो. आणि आणखी एक. धक्का दिल्यावर नागसेनानं त्याची परतफेड त्याच बैठकीत केली. "नागसेन नाही" या कोड्याचं उत्तर रथातून मिळालं आणि मगच तो पुढच्या प्रश्नाकडं गेला. कोडं घालून उत्तर विसरणारा वक्ता लोकांना फसवा वाटतो, आणि पुढच्या सभेत त्याचं कोडं कुणी उचलत नाही.

आता कुणी म्हणेल, मग आपल्या कीर्तनात गोष्ट मागं का ठेवतात? बरोबर शंका. नारदीय कीर्तनात आधी नमन, मग मूळपद घेऊन पूर्वरंगातलं निरूपण, मध्ये नामाचा गजर, आणि आख्यान येतं उत्तररंगात. म्हणजे जड भाग आधी, गोष्ट नंतर. नागसेनाच्या बरोबर उलट. कारण ऐकणाऱ्यांत आहे. कीर्तनाला आलेला माणूस आधीच आपला असतो. टाळ घेऊन, घरचं आवरून, ऐकायचंच म्हणून आलेला. त्याला पकडून ठेवायची गरज नसते. त्याला शेवटपर्यंत बसल्याचं बक्षीस द्यायचं असतं. नागसेनापुढचा राजा आपला नव्हता. म्हणून आधी गोष्ट की आधी विचार, हे भाषण कसं आहे यावर ठरत नाही, समोर कोण बसलंय यावर ठरतं. आपल्या माणसांच्या बैठकीत कोडी घालत बसलं तर लोक म्हणतात, कामाचं बोला की राव.

या दोन्ही रीती जाणणारा एक माणूस महाराष्ट्रात होऊन गेला. गाडगेबाबा. कीर्तन करायचे, पण पोथीपंडिताचं नाही. भजनाचा गजर झाला की लोकांना प्रश्न विचारायला लागायचे. प्रश्नही असे की शेतावरून आलेल्या माणसाला एका शब्दात उत्तर देता यावं. देवाला आंघोळ कोण घालतं? लोक म्हणायचे, आम्ही. वस्त्र कोण नेसवतं? आम्ही. त्याच्यापुढच्या नैवेद्यावर कुत्रं आलं तर हाकलतं कोण? आम्हीच. आणि मग लोक स्वतःच गप्प व्हायचे, कारण पुढचं उत्तर त्यांच्याच तोंडाशी आलेलं असायचं. नागसेनानं जे एका राजाशी केलं तेच बाबांनी हजारोंच्या गर्दीशी केलं: निष्कर्ष स्वतः सांगायचा नाही, समोरच्याच्या "हो" आणि "नाही" मधून काढायचा. बाबासाहेबांचा आणि गाडगेबाबांचा जिव्हाळा होता. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली, म्हणजे आपलं मिलिंद चालवणाऱ्या त्याच संस्थेला. दोघंही १९५६ च्या डिसेंबरात, पंधरा दिवसांच्या आत गेले.

आता हे सगळं जुनं झालं. आज याचं काय? एक उदाहरण घेऊन दाखवतो.

समजा पाण्याच्या प्रश्नावर जनसुनावणी आहे. आपल्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, हे मी नव्यानं सांगायला नको. तुमच्या कॉलनीतल्या एका ताईंना बोलायला दोन मिनिटं मिळालीत. समोर अधिकारी आहेत, सकाळपासून तीस तक्रारी ऐकून कंटाळलेले. नेहमीचं भाषण असं असतं: "सन्माननीय व्यासपीठ, उपस्थित सर्व मान्यवर, पाणी म्हणजे जीवन आहे, आम्ही नागरिक अनेक वर्षांपासून त्रस्त आहोत..." साहेबांनी पेन खाली ठेवलेलं असतं. "पाणी म्हणजे जीवन" याला "असं कसं?" म्हणणारा माणूस अजून जन्मायचाय.

त्याऐवजी ताईंनी एवढंच विचारलं तर? "साहेब, बाथरूममध्ये एकदा फ्लश ओढला की किती पाणी जातं?" उत्तर कुणीही देईल: सहा लिटर, जुना असेल तर दहा. मग ताई म्हणतील, "आमच्याकडं टाकी नाही. २०० लिटरचा एक ड्रम आहे. घरात पाच माणसं, आणि पाणी आठ दिवसांनी. भागाकार करा." २०० भागिले ४०. माणशी रोज पाच लिटर. तुमचा एक फ्लश, आमच्या एका माणसाचा अख्खा दिवस. प्यायचं, स्वयंपाकाचं, भांड्यांचं, सगळं त्यात.

हिशोब कुणी केला? साहेबांनी. उदाहरण कुठलं? त्यांच्याच बाथरूममधलं. धक्का विषयाबाहेरचा आहे का? नाही, तोच विषय आहे. नागसेनाचा रथ तो हाच.

पण यालाही मर्यादा आहेत, त्याही सांगतो. एक, आकडा खरा पाहिजे आणि तुमचा पाहिजे. गच्चीवर हजार लिटरची टाकी असेल आणि तुम्ही ड्रमचा हिशोब सांगाल, तर समोरचा एका प्रश्नात तुम्हाला झोपवेल, आणि तुमच्यामागं उभ्या असलेल्या खऱ्या ड्रमवाल्यांचंही नुकसान होईल. दोन, प्रश्नाचं उत्तर काय येईल हे आधी माहीत पाहिजे. नागसेनाला ठाऊक होतं की राजे पायी येत नाहीत. "आपल्याला बदल हवाय का?" असा प्रश्न गर्दीला विचारला आणि अर्धे गप्प राहिले तर वक्त्याचं पुढचं भाषण तिथंच लंगडतं. तीन, धक्क्यानंतर लगेच मागणी ठेवली पाहिजे: अमुक दिवशी पाणी द्या, टँकरची फेरी वाढवा, लेखी कळवा. नाहीतर साहेब घरी जाऊन फ्लशची गोष्ट सांगतील आणि काम तिथंच राहील. सुरुवात जमली की फसली हे ओळखायची माझी एक पद्धत आहे. सभा सुटल्यावर पार्किंगमध्ये दोघातिघांना विचारतो, काय म्हणाले हो ते? गोष्ट आठवली आणि मुद्दा नाही, तर सुरुवात फसली. गोष्ट सांगता सांगता मुद्दाही आपोआप आला, तर जमली.

आणि एक शेवटचं, जे कुठल्याही वर्गात शिकवत नाहीत. रथाच्या संवादानंतर थोड्याच वेळानं राजा म्हणतो, आणखी चर्चा करूया. तेव्हा नागसेन आधी अट घालतो. पंडितांसारखं बोलणार असाल तर बोलू, राजांसारखं बोलणार असाल तर नाही. राजा विचारतो, फरक काय? नागसेन सांगतो: पंडितांच्या चर्चेत एकमेकांचं खोडून काढतात, चूक दाखवतात, पण रागावत नाहीत. राजे एक गोष्ट धरून बसतात आणि कुणी विरोधात बोललं की शिक्षा फर्मावतात. राजा म्हणतो, पंडितांसारखंच बोलू. भिक्खूशी, सामणेराशी बोलता तसं मोकळं बोला, भिऊ नका.

म्हणजे नागसेनाच्या वाक्यात जेवढी ताकद होती, तेवढीच मिलिंदाच्या कानात होती. रथ दिसत नाही असं भर सभेत ऐकून घेणारा राजा होता, म्हणून तो संवाद पुढं चालला. दुसरा एखादा असता तर नागसेनाला बाहेर काढून मोकळा झाला असता आणि ग्रंथ पहिल्याच पानावर संपला असता. ताईंच्या फ्लशच्या प्रश्नावर "विषयाला धरून बोला" असं दरडावून माईक बंद करणारं व्यासपीठ असेल, तर जगातली कुठलीही सुरुवात उपयोगाची नाही. आपल्याकडं वक्ते घडवायचे वर्ग गल्लोगल्ली निघालेत. व्यासपीठावर बसणाऱ्यांना ऐकायला शिकवणारा वर्ग मला तरी अजून दिसला नाही. ज्या शहरात कॉलेजला ऐकून घेणाऱ्या राजाचं नाव दिलंय, तिथं तो निघायला हरकत नाही.

तुमच्या वॉर्डातल्या पुढच्या बैठकीत कुणी मान्यवरांची यादी वाचायला लागलं तर हळूच विचारा: साहेब, पायी आलात की गाडीनं? आणि वाटेत कुठले खड्डे लागले?

पटलं तर पुढं पाठवा, नाही पटलं तर खाली सांगा. पंडितांसारखं भांडू.

जय महाराष्ट्र.